एफओबी आणि सीआयएफ : खर्च कुठपर्यंत, जोखीम कुठपर्यंत

एफओबी म्हणजे ‘फ्री ऑन बोर्ड’ आणि सीआयएफ म्हणजे ‘कॉस्ट, इन्शुरन्स अँड फ्रेट’. समुद्रमार्गे जाणाऱ्या मालाच्या सौद्यात विक्रेत्याने कोणती कामे करायची, कोणता खर्च उचलायचा आणि मालाचे नुकसान झाले तर ते कोणाच्या माथी, हे या दोन अटींवरून ठरते. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने अशा अटींचे नियम ‘इनकोटर्म्स’ या नावाने १९३६ मध्ये पहिल्यांदा छापले. त्यात वेळोवेळी सुधारणा होत गेल्या. सध्याची आवृत्ती १ जानेवारी २०२० पासून लागू आहे आणि तिच्यात एकंदर अकरा अटी आहेत. त्यांतल्या चारच फक्त समुद्र आणि अंतर्गत जलमार्गांसाठी आहेत, आणि एफओबी व सीआयएफ त्या चारांतल्या आहेत.

या दोन अटींबद्दलचा सर्वांत पक्का गैरसमज असा, की एफओबीत विक्रेता आपल्या बंदरापर्यंत जबाबदार असतो आणि सीआयएफमध्ये समोरच्या बंदरापर्यंत. यातला खर्चाचा भाग खरा आहे, जोखमीचा नाही. जोखीम दोन्ही अटींत एकाच ठिकाणी हस्तांतरित होते : माल भरण्याच्या बंदरात, माल जहाजावर ठेवला जातो त्या क्षणी. त्यानंतर वाटेत वादळ येवो, आग लागो की जहाज बुडो, सीआयएफ असली तरी नुकसान खरेदीदाराचेच. विक्रेत्याने भाडे आणि विम्याचा हप्ता भरलेला असतो, एवढ्याने प्रवासातली जोखीम त्याच्याकडे राहत नाही. पैसे कुठपर्यंत कोणी भरायचे आणि नुकसान कुठून कोणी सोसायचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एफओबीत त्या दोन्हींचे उत्तर एकाच जागी मिळते. सीआयएफमध्ये दोन उत्तरांच्या मध्ये अख्खा समुद्र असतो.

एक सौदा तपशिलाने पाहिला म्हणजे हे स्पष्ट होते. सरकारने साखर निर्यातीला मुभा दिलेल्या एखाद्या वर्षी कोल्हापूर भागातला एक निर्यातदार बांगलादेशातल्या चट्टग्रामच्या एका रिफायनरीला १०,००० टन कच्ची साखर विकतो. साखर रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगड बंदरातून सुटी, म्हणजे पोत्यांविना, एका लहान जहाजाने जाणार आहे. पुढचे दर केवळ हिशेबासाठी धरलेले आहेत.

निर्यातदाराचा एफओबी जयगड भाव टनाला ४५० डॉलर आहे. यात साखरेची किंमत, कारखान्यापासून बंदरापर्यंतचे ट्रकभाडे, बंदराची गोदाम-हमाली, निर्यातीची कस्टम्स मंजुरी आणि साखर जहाजात भरेपर्यंतचा खर्च येतो. जहाज ठरवायचे, त्याचे भाडे द्यायचे आणि हवा असेल तर विमा उतरवायचा, ही कामे रिफायनरीची. सौदा ४५ लाख डॉलरचा होतो.

रिफायनरीने सीआयएफ चट्टग्राम भाव मागितला, तर निर्यातदार त्यात टनामागे ३५ डॉलर जहाजभाडे मिळवतो. विमा सौद्याच्या किमतीच्या किमान ११० टक्के रकमेचा आणि सौद्याच्याच चलनात उतरवावा लागतो. वरचे दहा टक्के खरेदीदाराच्या अपेक्षित नफ्यापोटी आणि वरखर्चापोटी धरलेले असतात. भाव टनाला ४८६ डॉलर ठरला, तर सौदा ४८ लाख ६० हजार डॉलरचा होतो आणि विमा ५३ लाख ४६ हजार डॉलरचा. हप्त्याचा दर ०.१ टक्का धरला तर हप्ता ५,३४६ डॉलर, म्हणजे टनामागे साधारण ५३ सेंट. ४५० आणि ४८६ या दोन भावांत ३६ डॉलरचा फरक आहे आणि त्यातला जवळपास सगळा जहाजभाड्याचा आहे. विम्याचा वाटा एका डॉलरहूनही कमी. हा आकडा पुढे लागणार आहे.

आता साखर निघते. आंबा घाटात एखादा ट्रक उलटला आणि साखर दरीत सांडली, तर दोन्ही अटींत नुकसान निर्यातदाराचे. बंदराच्या गोदामाचे छप्पर गळून साखर भिजली, तरी निर्यातदाराचेच. इथवर एफओबी आणि सीआयएफमध्ये काहीच फरक नाही. फरक पडतो तो जहाज वेळेवर आले नाही तर.

एफओबीत जहाज खरेदीदाराचे असते. समजा, जहाज १ ते १० मे या काळात लागायचे ठरले होते, निर्यातदाराने साखर वेळेवर आणून याच सौद्याची म्हणून गोदामात वेगळी ठेवली, आणि जहाज आलेच नाही. १८ मेला वळवाचा पाऊस झाला, गोदामात पाणी शिरले. साखर जहाजाच्या जवळही गेलेली नाही, तरीही हे नुकसान आता रिफायनरीचे आहे. खरेदीदाराने जहाजाचे नाव वेळेवर कळवले नाही, किंवा त्याने नेमलेले जहाज वेळेवर आले नाही, तर ठरलेल्या तारखेपासून, आणि नेमकी तारीख ठरलेली नसेल तर ठरलेली मुदत संपल्यापासून, जोखीम त्याच्याकडे जाते. मात्र माल त्याच सौद्यासाठी स्पष्टपणे वेगळा काढलेला असायला हवा. पन्नास हजार टनांच्या ढिगातले ‘कोणतेही दहा हजार टन’ असे म्हणून भागत नाही. म्हणून जाणते निर्यातदार जहाज लांबले की गोदामपावतीवर सौद्याचा क्रमांक घालून घेतात आणि सर्व्हेअरकडून वजन व प्रतीचा दाखला करून ठेवतात. सीआयएफमध्ये जहाज निर्यातदारानेच ठरवलेले असते, त्यामुळे ते उशिरा आले तर तो दोष खरेदीदारावर ढकलता येत नाही.

यापुढचा टप्पा म्हणजे माल चढवण्याचा, आणि जोखमीची रेषा इथेच आहे. ही रेषा नेमकी कुठे काढायची, यावर व्यापाराने बराच काळ घालवला. २०१० च्या आवृत्तीपर्यंत ती जहाजाच्या कठड्यावर होती : माल उचलला गेला, कठड्यावरून आत गेला की जोखीम खरेदीदाराची. या नियमातली अडचण १९५४ च्या एका इंग्लिश निकालात लख्ख दिसते, आणि त्या खटल्याचे धागे भारताशी जोडलेले आहेत. पायरीन नावाच्या इंग्लिश कंपनीने भारत सरकारला आगीचे बंब एफओबी लंडन या अटीवर विकले होते. जहाज होते सिंधिया कंपनीचे. वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांनी १९१९ मध्ये मुंबईत उभी केलेली तीच ही कंपनी. जहाजाच्याच यारीने बंब उचलला जात असताना, कठडा ओलांडण्याआधी, तो खाली पडला. दुरुस्तीला ९६६ पौंड लागले. बंब कठड्याच्या अलीकडे पडल्यामुळे तो अजून विक्रेत्याच्या जोखमीवर होता, म्हणून भरपाईसाठी विक्रेता जहाज कंपनीकडे गेला. कंपनीने चूक मान्य केली, पण वाहतुकीच्या नियमांनुसार आपली जबाबदारी २०० पौंडांपुरतीच आहे असे सांगितले. वाहतुकीचा करार भारत सरकारच्या वतीने झालेला असला तरी ती मर्यादा विक्रेत्यालाही लागू आहे, असा निकाल न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी दिला. बाकीचे पैसे विक्रेत्याच्या अंगावर पडले.

अधांतरी लोंबकळणाऱ्या मालाची जोखीम एका काल्पनिक उभ्या रेषेने ठरवण्यात फारसे शहाणपण नव्हते. २०१० मध्ये कठड्याचा उल्लेख गेला आणि ‘माल जहाजावर ठेवला जाणे’ ही कसोटी आली. आज तोच बंब कठडा ओलांडून डेकच्या वर लटकत असताना पडला, तर तो जहाजावर ‘ठेवला’ गेलेला नाही, असे म्हणायला जागा आहे. सुट्या साखरेत मात्र ही कसोटीसुद्धा तितकी नेटकी राहत नाही. दहा हजार टन साखर होल्डमध्ये ओतायला काही दिवस लागतात. सहा हजार टन आत गेले असताना होल्डमध्ये पाणी शिरले, तर आत गेलेली साखर खरेदीदाराची की भरणे पूर्ण होईपर्यंत सगळी विक्रेत्याची, यावर वाद घालता येतो. त्यातच ‘एफओबी, स्टोड अँड ट्रिम्ड’ असे शब्द जोडण्याची चाल आहे. म्हणजे साखर होल्डमध्ये नीट पसरून सपाट करण्याचे कामही विक्रेत्याचे. या जोडशब्दांनी फक्त खर्च वाढतो की जोखमीची रेषाही पुढे सरकते, हे इनकोटर्म्स सांगत नाही. करारात एक वाक्य घालून ते दोन्ही पक्षांनीच ठरवावे लागते, आणि बहुतेक भांडणे ते वाक्य नसते तिथेच होतात.

जहाज भरले, झाकणे बंद झाली, कप्तानाच्या वतीने बिल ऑफ लेडिंग दिले गेले. माल वरवर पाहता चांगल्या स्थितीत जहाजावर चढला असे सांगणारे, शेरा नसलेले ‘क्लीन ऑन बोर्ड’ बिल म्हणजे विक्रेत्याने आपल्या बाजूची रेषा ओलांडल्याचा पुरावा. चढवताना साखर ओली दिसली तर जहाजाचा अधिकारी मेट्स रिसीटवर तसा शेरा मारतो आणि तो पुढे बिलावर येतो. शेरा असलेले बिल बँका सहसा एलसीखाली स्वीकारत नाहीत.

आता नुकसानीचे खरे प्रकरण. वाटेत, बंगालच्या उपसागरात, समुद्र खवळतो. जहाजाच्या झाकणांचे रबर जीर्ण झालेले आहे, लाटांचे पाणी फटीतून झिरपते आणि चट्टग्रामला झाकणे उघडल्यावर वरच्या थरातली ३०० टन साखर भिजून गोळा झालेली दिसते. ४८६ डॉलरच्या भावाने ही साखर १ लाख ४५ हजार ८०० डॉलरची आहे.

नुकसान कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर एफओबीत आणि सीआयएफमध्ये एकच : रिफायनरीचे. रिफायनरीला पूर्ण दहा हजार टनांचे पैसे द्यावे लागतील. फरक आहे तो तिच्या हातात कोणता विमा आहे यात. एफओबीत विमा तिने स्वतः घेतलेला असतो, आपल्या गरजेप्रमाणे. सीआयएफमध्ये तो विक्रेत्याने घेतलेला असतो, आणि वेगळे काही ठरले नसेल तर विक्रेत्याला फक्त किमान संरक्षण घ्यावे लागते. हे किमान संरक्षण म्हणजे इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस (सी).

सागरी मालविम्याच्या या कलमांचे ए, बी आणि सी असे तीन संच आहेत. सी संचात नावे घेऊन सांगितलेल्या मोठ्या संकटांचीच भरपाई मिळते : आग, स्फोट, जहाज रुतणे, बुडणे, उलटणे, टक्कर, जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात टाकणे आणि अशी आणखी काही. समुद्राचे पाणी होल्डमध्ये शिरून माल भिजणे हे संकट सी संचाच्या यादीत नाही. ते बी संचात आहे. ए संचात यादीच नसते. वगळलेल्या गोष्टी सोडून सगळ्या आकस्मिक नुकसानीला तो लागू पडतो. म्हणजे ‘विमा धरून भाव’ देऊन साखर घेणाऱ्या रिफायनरीला समुद्राच्या पाण्याने भिजलेल्या साखरेपोटी विमा कंपनीकडून काहीही मिळणार नाही. विक्रेत्याने फसवलेले नाही, विमा कंपनीने नाकारण्यात चूक केलेली नाही. सीआयएफ या अटीत जेवढे आहे तेवढेच दिले गेले.

आता तो हप्त्याचा आकडा आठवावा : टनामागे अर्धा डॉलर. ए संचाचा हप्ता याहून जास्त असतो, पण ४८६ डॉलरच्या मालात तो फरक किरकोळ आहे. तरीही विक्रेता किमान संरक्षणच घेतो, कारण हप्ता त्याच्या खिशातून जातो आणि नुकसान दुसऱ्याचे होते. सीआयएफच्या रचनेतला हा कच्चा दुवा आहे. २०२० च्या आवृत्तीत सीआयपी या भगिनी-अटीसाठी किमान संरक्षण वाढवून ए संचाचे केले, सीआयएफसाठी मात्र सी संचच ठेवला. सीआयएफ वापरणारा सुट्या मालाचा व्यापार विम्याचे आपले आपण ठरवतो, असा त्यामागचा विचार. ज्यांना हे माहीत आहे ते खरोखर ठरवतातही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी हा निर्णय महाग आहे.

ए संचही सर्व काही भरून देत नाही. मालाच्या अंगच्या स्वभावाने होणारे नुकसान, म्हणजे साखर मुळातच जास्त ओलसर असल्याने गोळा होणे, केवळ उशीर झाल्याने होणारा तोटा, अपुरे पॅकिंग, हे वगळलेले आहे. युद्ध आणि संप यांचे धोके तिन्ही संचांत वगळलेले आहेत. त्यांचे संरक्षण वेगळे घ्यावे लागते, आणि सीआयएफमध्ये खरेदीदाराने मागितले तर, त्याच्याच खर्चाने, विक्रेता ते घेऊन देतो. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा ही तरतूद अनेकांना पुन्हा वाचावी लागली. खतांनी भरलेले रुबीमार हे जहाज क्षेपणास्त्राचा मारा झाल्यावर मार्च २०२४ मध्ये बुडाले. अशा मालाचे पैसे साध्या ए संचातून मिळत नाहीत. त्याच काळात जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि युरोपचे भाडे चढले. ज्यांनी आधी सीआयएफ भावाने विकून जहाज नंतर ठरवले, त्यांनी वाढीव भाडे स्वतः भरले. एफओबीने विकणाऱ्यांना ती झळ लागली नाही, ती त्यांच्या खरेदीदारांना लागली. भाड्याची चढउतार हीसुद्धा एक जोखीमच आहे, पण ती मालाच्या नुकसानीची नव्हे, खर्चाची. म्हणून ती खर्चाच्या रेषेबरोबर जाते.

पुन्हा चट्टग्रामच्या ओल्या साखरेकडे. ती कोणत्या पाण्याने भिजली हे आधी ठरवावे लागते. सर्व्हेअर ओल्या साखरेचा नमुना शुद्ध पाण्यात विरघळवून त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकतो. मीठ असेल तर द्रावण दुधाळ पांढरे होते. कच्च्या साखरेत मुळातही थोडे क्षार असू शकतात, म्हणून तीच परीक्षा कोरड्या, चांगल्या साखरेवरही करून दोन्हींची तुलना करतात. ओल्या नमुन्यात दुधाळपणा ठळक असेल तर पाणी समुद्राचे, म्हणजे नुकसान प्रवासातले, म्हणजे खरेदीदाराच्या जोखमीतले. तो तसा नसेल तर पाणी गोडे आहे : पावसाचे, किंवा होल्डच्या थंड पत्र्यावर वाफ साठून टपकलेले. पाऊस जयगडला पडला असेल तर तो कुठे असलेल्या साखरेवर पडला, हे पाहावे लागते. धक्क्यावरच्या साखरेवर पडला असेल तर नुकसान विक्रेत्याचे. उघड्या होल्डमध्ये आधीच ओतलेल्या साखरेवर पडला असेल तर रेषा ओलांडली गेली होती, आणि नुकसान खरेदीदाराचे. त्यामुळेच भरण्याच्या नोंदवहीत पाऊस किती वाजता आला, झाकणे किती वाजता बंद केली, हे मिनिटांनिशी लिहिलेले असते.

विम्यातून भरपाई मिळाली नाही तरी रिफायनरीचे सगळे दरवाजे बंद होत नाहीत. जीर्ण रबराचे जहाज प्रवासाला योग्य नव्हते, असे म्हणून तिला बिल ऑफ लेडिंगच्या आधारे जहाजमालकावर दावा करता येतो. हा दावा माल मिळाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. जहाजमालकाच्या जबाबदारीला वजनावर किंवा नगावर मोजलेली मर्यादाही असते. विक्रेत्यावर मात्र, साखर चढताना ठीक होती तोवर, काही चालत नाही.

कागदपत्रांचे हे बळ सीआयएफमध्ये किती दूरवर जाते, याचे टोकाचे उदाहरण पहिल्या महायुद्धातले आहे. एका अमेरिकन कंपनीने इंग्लंडमधल्या मॅनब्रे सॅकरिन या कंपनीला स्टार्च आणि मक्याचा पाक सीआयएफ लंडन या अटीवर विकला. काही माल अल्गॉन्क्विन या जहाजावर होता. ते जहाज १२ मार्च १९१७ रोजी बुडवले गेले. दोन दिवसांनी विक्रेत्याने कागदपत्रे पुढे करून पैसे मागितले. माल समुद्राच्या तळाशी गेला आहे हे त्याला ठाऊक होते. न्यायालयाने १९१९ मध्ये सांगितले, की माल बुडाल्याचे माहीत असतानाही सीआयएफचा विक्रेता कागदपत्रे देऊन पैसे मागू शकतो. माल चढला तेव्हाच जोखीम खरेदीदाराची झाली, आणि त्याच्या हाती बिल ऑफ लेडिंग व विम्याची पॉलिसी पडली की बुडालेल्या मालाची भरपाई मागण्याचा हक्कही त्याच्याकडे येतो. तरीही या खटल्यात विक्रेता हरला, तो विम्यामुळे. त्याने पॉलिसीऐवजी विमा उतरवल्याचे नुसते पत्र दिले होते. सीआयएफमध्ये विक्रेता प्रवासाची हमी देत नाही, पण योग्य कागद देणे हे त्याचे मुख्य कर्तव्य असते, आणि त्यात ढिलाई चालत नाही.

एफओबीत विक्रेत्याची एक वेगळी अडचण आहे. माल चढला, जोखीम खरेदीदाराची झाली, विमाही त्याचाच. वाटेत माल बिघडला आणि खरेदीदाराने कागद सोडवायला नकार दिला, तर कायद्याने पैसे त्याचेच देणे असले तरी वसुलीसाठी परदेशात खटला लढावा लागतो, आणि हातात असतो बिघडलेला, आपला विमा नसलेला माल. सौदा एलसीवर नसून उधारीवर असेल तर हा धोका खरा आहे. अशा निर्यातदारांसाठी विमा कंपन्या ‘सेलर्स कंटिंजन्सी’ नावाचे संरक्षण देतात. ते अशा प्रसंगी फक्त विक्रेत्याच्या हितापुरते चालते. कारखान्यापासून जहाजापर्यंतच्या टप्प्यासाठीही एफओबी विक्रेत्याला स्वतःचा विमा घ्यावा लागतो, कारण खरेदीदाराची पॉलिसी विक्रेत्याचे नुकसान भरत नाही.

भारतात माल आणणाऱ्यांना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सौदा एफओबीने केला तरी सीमाशुल्क भाडे आणि विमा मिळवून आलेल्या किमतीवरच लागते. २००७ च्या मूल्यांकन नियमांनुसार, भाडे नक्की कळत नसेल तर ते एफओबी किमतीच्या २० टक्के आणि विमा १.१२५ टक्के धरला जातो. वर काढलेल्या उदाहरणात भाडे आठ टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे भाड्याची पावती जपून न ठेवणारा आयातदार न दिलेल्या भाड्यावरही शुल्क भरू शकतो.

आतापर्यंतचे सगळे सुट्या मालाबद्दल झाले, आणि या दोन अटींची खरी जागा तीच आहे. कंटेनरच्या मालाला त्या बसत नाहीत, तरीही न्हावा शेवाहून जाणाऱ्या कंटेनरच्या इन्व्हॉइसांवर त्या सर्रास दिसतात. नाशिकच्या द्राक्षांचा रेफ्रिजरेटेड कंटेनर घ्यावा. निर्यातदार तो टर्मिनलच्या ताब्यात देतो, आणि जहाज लागेपर्यंत तो यार्डात विजेच्या जोडणीवर उभा असतो. या काळात जोडणी तुटली, आतले तापमान चढले आणि द्राक्षे नासली, तर एफओबी किंवा सीआयएफप्रमाणे नुकसान निर्यातदाराचे, कारण कंटेनर अजून जहाजावर ठेवलेला नाही. कंटेनर त्याच्या हाताबाहेर गेलेला असतो, यार्डात जाऊन तो तापमानही पाहू शकत नाही, पण जोखीम त्याचीच. बंद कंटेनर परदेशात उघडल्यावर द्राक्षे यार्डात नासली की समुद्रात, हे तापमानाच्या नोंदीवरूनच ठरवावे लागते. यासाठी इनकोटर्म्समध्ये एफसीए आणि सीआयपी या अटी आहेत. एफसीए ही एफओबीची जोडीदार, सीआयपी ही सीआयएफची. दोन्हींत माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम जाते, जहाजाची वाट पाहावी लागत नाही. बँकेला ‘ऑन बोर्ड’ बिल हवे असते म्हणून निर्यातदार एफओबीलाच धरून बसत. ती अडचण ओळखून २०२० च्या एफसीएमध्ये सोय केली आहे : दोघांचे तसे ठरले, तर माल चढल्यावर विक्रेत्याला ऑन बोर्ड बिल देण्याची सूचना खरेदीदार वाहतूकदाराला करतो.

इनकोटर्म्स काय ठरवत नाही हेही माहीत असावे. मालाची मालकी कधी जाते, पैसे कधी द्यायचे, करार मोडला तर काय, हे प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर आहेत. भारताच्या १९३० च्या मालविक्री कायद्यात वेगळे ठरले नसेल तर जोखीम मालकीबरोबर जाते. करारात इनकोटर्म्सची अट असली की ती ‘वेगळी ठरलेली’ गोष्ट होते आणि मालकी कोणाकडेही असली तरी जोखीम त्या अटीप्रमाणे जाते. आणि ‘एफओबी’ ही तीन अक्षरे एकटी लिहिली तर त्यांचा अर्थ सगळीकडे तोच असेल असे नाही. अमेरिकेच्या देशांतर्गत व्यापारात ती मालाच्या पोचण्याच्या ठिकाणाशीही जोडली जातात, आणि तिथे माल पोचेपर्यंत जोखीम विक्रेत्याची राहते.

सीआयएफ अटीपुढे लिहिले जाणारे बंदर हे उतरण्याचे असते. जोखीम जिथे बदलते ते चढवण्याचे बंदर अटीत दिसतच नाही, ते करारात वेगळे लिहावे लागते. जयगडच्या सौद्यात रिफायनरीने ‘सीआयएफ चट्टग्राम, इनकोटर्म्स २०२०, माल भरण्याचे बंदर जयगड, विमा इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस (ए) तसेच युद्ध व संप कलमांसह’ एवढी एक ओळ घालून घेतली असती, तर भाव टनामागे थोडासा वाढला असता आणि ३०० टन ओल्या साखरेचे पैसे विमा कंपनीकडून मिळाले असते.